मासिक पाळीचा हॉर्मोन-तक्ता कसा वाचायचा? शरीररचना शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पाळीचा तक्ता प्रत्येक पुस्तकात असतो. चार रंगांच्या चार रेघा, मधोमध एक टोकदार सुळका आणि खाली जाड-बारीक होत जाणारं गर्भाशयाचं अस्तर. परीक्षेत तो बहुतेकांना काढता येतो. पण तोंडी परीक्षेत ‘हा सुळका इथेच का?’ असं विचारलं की गाडी अडते. खालचे प्रश्न वर्गात दरवर्षी येतात. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून पहिल्यांदा वाचताना क्रमाने वाचा.

आधी साधा तक्ता दाखवाल का?

हा २८ दिवसांच्या चक्राचा आहे. एफएसएच आणि एलएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची हॉर्मोनं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अंडाशयाची. पुटिका म्हणजे अंडं जिच्यात वाढतं ती छोटी पिशवी, आणि ती फुटल्यावर तिचाच पीतपिंड होतो. आकडे मुद्दाम टाकलेले नाहीत. सुरुवातीला फक्त कोण चढतंय आणि कोण उतरतंय एवढंच बघा.

| दिवस | अंडाशयात काय चाललंय | एफएसएच | एलएच | इस्ट्रोजेन | प्रोजेस्टेरॉन | अस्तर |
|---|---|---|---|---|---|---|
| १–५ | लहान पुटिकांचा गट वाढीला लागतो | थोडं वर | खाली | खाली | जवळजवळ शून्य | वरचा थर गळून पडतो |
| ६–१० | एक पुटिका पुढे निघते | उतरतं | खालीच, हळू चढ | चढतं | जवळजवळ शून्य | पुन्हा उभं राहतं |
| ११–१२ | प्रमुख पुटिका झपाट्याने फुगते | खाली | चढू लागतं | शिखर गाठतं | जवळजवळ शून्य | जाड होत जातं |
| १३–१४ | पुटिका फुटून अंडं बाहेर येतं | छोटा सुळका | मोठा सुळका | एकदम घसरतं | चढू लागतं | वाढ मंदावते |
| १५–२१ | पीतपिंड तयार होतो | खाली | खाली | दुसरा, बुटका उंचवटा | शिखराकडे | ग्रंथी स्रवू लागतात |
| २२–२८ | पीतपिंड विझत जातो | अखेरीस वर | खाली | उतरतं | उतरतं | शेवटी आकसतं |

वहीत काढताना आधी एलएचचा सुळका काढा, त्याच्या डावीकडे इस्ट्रोजेनचं शिखर आणि उजवीकडे प्रोजेस्टेरॉनचा डोंगर. या तीन आकृत्या जागेवर बसल्या की बाकीचं आपोआप भरता येतं. पहिल्या दिवसापासून सरळ उजवीकडे रेघ ओढत गेलात, तर सुळका हमखास चुकीच्या जागी पडतो.

टप्प्यांची दोन-दोन नावं का असतात?

एक नाव अंडाशयाचं, एक अस्तराचं. अंडाशयात आधी पुटिकेचा टप्पा, मग पीतपिंडाचा. अस्तरात रक्तस्राव, मग वाढीचा टप्पा, मग स्रावाचा टप्पा. अंडाशय पुढे चालतं आणि अस्तर त्याच्या मागून. पुटिकेच्या टप्प्यात रक्तस्राव आणि वाढ दोन्ही येतात. पीतपिंडाचा टप्पा म्हणजेच अस्तराचा स्रावाचा टप्पा.

पहिला दिवस रक्तस्रावाचाच का धरतात? ती तर शेवटची घटना वाटते.

वाटते ते बरोबर आहे. रक्तस्राव हा मागच्या चक्राचा शेवट आहे. पण तो डोळ्यांना दिसतो आणि तारीख सांगता येते, म्हणून मोजणी तिथून. आतमध्ये नवं चक्र एक-दोन दिवस आधीच सुरू झालेलं असतं: पीतपिंड विझतो, त्याने दाबून ठेवलेलं एफएसएच सुटतं आणि पुढच्या पुटिका वाढीला लागतात. तक्त्याच्या उजव्या टोकाला एफएसएच किंचित वर गेलेलं दिसतं, ते हेच. कागद गुंडाळून नळी केलीत तर उजवं टोक डाव्या टोकाला बेमालूम जुळतं.

इतक्या पुटिका वाढतात, मग एकच का जिंकते?

याचं उत्तर उतरत्या एफएसएचमध्ये आहे. सुरुवातीला गटातल्या सगळ्या पुटिकांना एफएसएच पुरेसं मिळतं. प्रत्येक पुटिकेत दोन प्रकारच्या पेशी काम वाटून घेतात. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजेन बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. एकटी थीका किंवा एकटी ग्रॅन्युलोसा हे काम पूर्ण करू शकत नाही. विद्यार्थी ‘एफएसएचमुळे इस्ट्रोजेन’ असं अर्धंच लिहितात आणि थीकाचे गुण जातात.

आता इस्ट्रोजेन वाढलं की ते पीयूषिका ग्रंथीला एफएसएच कमी करायला लावतं. ग्रॅन्युलोसा पेशींमधून निघणारं इनहिबिन बीही तेच करतं. पुरवठा आटतो. ज्या पुटिकेने तोवर एफएसएचचे ग्राहक, म्हणजे ते पकडणारे पेशींवरचे रेणू, सर्वांत जास्त जमवलेले असतात ती कमी पुरवठ्यातही तगते, शिवाय एलएचचेही ग्राहक तयार करून त्यावर भागवते. बाकीच्या सुकून जातात. थोडक्यात, प्रमुख पुटिका स्वतःच्याच स्रावाने भावंडांची रसद तोडते. वंध्यत्वाच्या उपचारात बाहेरून एफएसएचची इंजेक्शनं दिली की ही रसद तुटत नाही, म्हणून एकाच वेळी बऱ्याच पुटिका मोठ्या होतात.

इस्ट्रोजेन एलएचला दाबतं म्हणता आणि इस्ट्रोजेनमुळेच एलएचचा सुळका येतो असंही म्हणता. नेमकं काय?

दोन्ही खरं आहे. सगळ्या तक्त्याची गाठ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

चक्राच्या पहिल्या आठवड्यात रक्तातलं इस्ट्रॅडिऑल साधारण २० ते ६० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. इस्ट्रॅडिऑल म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार. एवढ्या पातळीला ते मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याच्या हुकमातली पीयूषिका दोघांनाही आवर घालतं. मात्र आवर असतो तो सोडण्यावर. पीयूषिकेच्या पेशींमध्ये एलएच बनत आणि साठत राहतं, बाहेर थोडंच पडतं. कोठार भरतंय, दार किलकिलं आहे.

प्रमुख पुटिका मोठी होते तसं इस्ट्रॅडिऑल २०० पिकोग्रॅमच्या वर जातं. नुसतं वर जाऊन चालत नाही, तिथे सुमारे ५० तास टिकावं लागतं. तेवढं झालं की तेच इस्ट्रोजेन पीयूषिकेवर उलटा परिणाम करू लागतं. हायपोथॅलॅमसकडून ठोक्याठोक्याने येणाऱ्या जीएनआरएच या हॉर्मोनच्या प्रत्येक ठोक्याला पीयूषिका आता कितीतरी जास्त जोरात प्रतिसाद देते आणि साठवलेलं एलएच लोंढ्याने बाहेर येतं. हाच तो सुळका. त्याच दरम्यान प्रोजेस्टेरॉनची जी बारीकशी वाढ सुरू होते, ती या लोंढ्याला हातभार लावते. एफएसएचचा छोटा सुळकाही तिच्या मदतीने येतो.

पातळी आणि मुदत या दोन्ही अटी असण्यात शहाणपण आहे. इतकं इस्ट्रोजेन इतका वेळ फक्त पिकलेली पुटिकाच देऊ शकते. म्हणजे अंडं तयार झाल्याची वर्दी अंडाशयाकडून मेंदूकडे जाते, मेंदू तारीख ठरवत नाही.

याचा सुंदर पुरावा अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडिणींवर मिळवला, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांनी माकडिणींचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलं आणि पंपाने तासाला एक ठोका या ठरलेल्या लयीत बाहेरून दिलं. ठोके महिनाभर तसेच, लय न बदलता. तरीही सुळका आला आणि अंडंही सुटलं. याचा अर्थ सुळक्यासाठी लागणारा बदल इस्ट्रोजेन पीयूषिकेतच घडवू शकतं. त्याच प्रयोगमालेत जीएनआरएच ठोक्यांऐवजी सलग धारेने दिलं, तर एलएच आणि एफएसएच चक्क आटले. तोंडी परीक्षेत ‘ठोके का महत्त्वाचे?’ विचारलं तर एवढं सांगितलं तरी पुरे.

मग चक्राच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन पुन्हा वाढतं, तेव्हा दुसरा सुळका का येत नाही?

कारण तेव्हा सोबत प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. ते जीएनआरएचचे ठोके मंद करतं. पूर्वार्धात साधारण तास-दीड तासाला एक ठोका पडतो, उत्तरार्धात तीन-चार तासांनी एक. एकटं इस्ट्रोजेन दार उघडू शकतं, प्रोजेस्टेरॉन सोबत असताना नाही. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण ज्याने विचारला त्याला तक्ता समजलाय असं मी धरते.

सुळक्यानंतर अंडं लगेच सुटतं का?

नाही. सुळका चढायला लागल्यापासून सुमारे ३४ ते ३६ तासांनी, आणि त्याच्या टोकापासून मोजलं तर १० ते १२ तासांनी. या मधल्या वेळात अंडपेशी जन्माआधीपासून अडवून ठेवलेलं पहिलं अर्धसूत्री विभाजन पूर्ण करते, पुटिकेची भिंत विरघळत पातळ होते आणि ग्रॅन्युलोसा पेशी इस्ट्रोजेनकडून प्रोजेस्टेरॉनकडे वळू लागतात. तक्त्यात इस्ट्रोजेन घसरण्याची जागा एलएच चढण्याच्या जागेला जवळजवळ चिकटून दिसते ती यामुळेच.

अंडं १४ व्या दिवशी सुटतं हे पाठ करायचं ना?

पाठ करायचं ते ‘पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी’. २८ दिवसांच्या चक्रात हे दोन्ही एकच होतं, म्हणून घोळ होतो. पीतपिंडाचं आयुष्य बऱ्यापैकी ठरलेलं आहे, १२ ते १४ दिवस, थोडं इकडेतिकडे. पुटिकेला पिकायला लागणारा वेळ मात्र स्त्रीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. चक्र लांबलं, तर बहुतेक वेळा सुळक्याच्या डावीकडचा भाग लांबलेला असतो.

एक उदाहरण सोडवू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण खऱ्या चक्रात बसतील असेच. एका स्त्रीची पाळी दर ३४ दिवसांनी येते. तिचं अंडं सुटतंय का हे पाहायला कुणीतरी ‘२१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासा’ असं सांगितलं. अहवाल आला १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. अंडं सुटल्याचं मानायला साधारण ३ च्या वर आकडा हवा. म्हणजे अंडं सुटलं नाही?

आता तिचा तक्ता काढू. ३४ मधून १४ गेले, २०. अंडं २० व्या दिवसाच्या आसपास सुटायला हवं. १४ व्या दिवशीच्या सोनोग्राफीत पुटिका १२ मिलिमीटर होती, इस्ट्रॅडिऑल ९० पिकोग्रॅम. पुस्तकातल्या तक्त्यानुसार आज अंडं सुटायचं, प्रत्यक्षात पुटिका अर्धवट पिकलेली. वाढत्या पुटिकेचा व्यास रोज साधारण २ मिलिमीटरने वाढतो. १६ व्या दिवशी ती १६ मिलिमीटर झाली आणि इस्ट्रॅडिऑलने २०० ओलांडले. १८ व्या दिवशी २० मिलिमीटर, इस्ट्रॅडिऑल ३१०. त्या रात्री, म्हणजे २०० ओलांडल्याला ५० तास होत आले तेव्हा, एलएच उसळलं. तिथून ३४–३६ तास मोजा: २० व्या दिवसाची सकाळ. अंडं सुटलं.

आता २१ व्या दिवसाकडे पुन्हा बघा. अंडं सुटून जेमतेम एक दिवस झालाय. पीतपिंड अजून रांगतोय, प्रोजेस्टेरॉन १ च असणार. अहवाल खरा, दिवस चुकीचा. प्रोजेस्टेरॉनचं शिखर अंडं सुटल्यावर साधारण सात दिवसांनी येतं, म्हणून तिची तपासणी २७ व्या दिवशी हवी. तेव्हा ११ नॅनोग्रॅम आलं. चक्र अगदी व्यवस्थित आहे, फक्त डावीकडचा अर्धा भाग लांब आहे. ‘२१ वा दिवस’ हा आकडा मुळात २८ वजा ७ असा आला होता. तिच्यासाठी ३४ वजा ७.

सगळ्या रेघा एकाच कागदावर सारख्या उंच कशा?

कारण प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी आहे आणि चित्रकाराने ती कडेला लपवलेली असते. इस्ट्रॅडिऑल पिकोग्रॅममध्ये मोजतात, प्रोजेस्टेरॉन नॅनोग्रॅममध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम. शिखरावरचं इस्ट्रॅडिऑल ३०० धरलं आणि प्रोजेस्टेरॉन १२ नॅनोग्रॅम, तर दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या मोजपट्टीवर १२,००० होतो, ४० पट. एकाच पट्टीवर काढलं तर इस्ट्रोजेनची रेघ तळाशी सपाट झोपेल. म्हणून दोन रेघा एकमेकींना ‘छेदतात’ त्या बिंदूला काहीही अर्थ नाही. दरवर्षी कुणीतरी त्या छेदावर बाण काढून ‘हॉर्मोन समान’ असं लिहितंच.

पीतपिंड चौदा दिवसांतच का विझतो?

तो जगतो एलएचच्या थोड्याशा पुरवठ्यावर आणि स्वतःच प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, इनहिबिन ए सोडून एलएच-एफएसएचला दाबून ठेवतो. त्याच्या पेशी म्हाताऱ्या होतात तशी त्यांची एलएचला दाद देण्याची ताकद कमी होते. गर्भ रुजला तर गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे हॉर्मोन बनवतात. हे एलएचच्याच ग्राहकांवर बसतं, पण रक्तात जास्त टिकतं आणि रोज वाढत जातं, म्हणून पीतपिंड तगतो. मग तक्त्याची शेवटची ओळ येतच नाही: प्रोजेस्टेरॉन उतरत नाही, अस्तर गळत नाही.

रक्तस्राव नेमका कशाने सुरू होतो? अस्तर ‘नको झालं म्हणून’ गळतं हे उत्तर बरोबर आहे का?

हे उत्तर लिहू नका. कारण एकच: प्रोजेस्टेरॉनचा आधार काढून घेतला जातो.

अस्तराचे दोन थर असतात. तळाचा थर कायम राहतो, वरचा कार्यकारी थर दर चक्रात बनतो आणि पडतो. वरच्या थराला सर्पिल रोहिण्या रक्त देतात आणि या रोहिण्या हॉर्मोनला फार हळव्या असतात. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तरात प्रोस्टाग्लँडिन वाढतात, ऊती विरघळवणारी विकरं मोकाट सुटतात, सर्पिल रोहिण्या आवळतात, वरच्या थराला रक्त कमी पडतं आणि तो तुटून पडतो. तेच प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात, म्हणून पोटात कळा येतात आणि प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी त्या कमी होतात. तळाच्या थराला सरळ रोहिण्यांचं वेगळं रक्त मिळतं, तो वाचतो आणि पुढच्या चक्रातलं इस्ट्रोजेन त्याच्यावरच नवा थर उभारतं.

हे डोळ्यांनी पाहिलं होतं जे. ई. मार्की यांनी. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ऱ्हीसस माकडिणीच्या अस्तराचा तुकडा तिच्याच डोळ्याच्या पुढच्या कक्षात रुजवला होता. पारदर्शक बुबुळातून आत काय चाललंय ते महिनोन्‌महिने दिसत होतं. रक्तस्रावाआधी तुकडा आकसायचा, गुंडाळलेल्या रोहिण्या आवळून फिक्या पडायच्या आणि मग त्या सैलावताना रक्त झिरपायचं. डोळ्यातला तुकडा गर्भाशयापासून दूर असूनही त्यालाही ‘पाळी’ येत होती, म्हणजे निरोप रक्तातूनच येत होता.

अंडं सुटलंच नाही तर तक्ता कसा दिसेल?

सुळका नाही आणि प्रोजेस्टेरॉनचा डोंगरही नाही. इस्ट्रोजेन मात्र खालीवर होत राहतं. त्याच्या जोरावर अस्तर वाढत जातं, पण प्रोजेस्टेरॉन न मिळाल्याने स्रावाच्या टप्प्यात जात नाही. शेवटी ते स्वतःच्या भाराने ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वेळी तुटतं. म्हणून अशी पाळी उशिरा येते, कधी थेंबथेंब लांबते, कधी अंगावरून खूप जाते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत आणि ती थांबण्याच्या आधीच्या काळात हे बरेचदा घडतं.

घरी ओळखायची एक जुनी खूण म्हणजे सकाळी उठण्याआधी घेतलेलं तापमान. प्रोजेस्टेरॉनमुळे ते साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. अंडं न सुटलेल्या चक्रात ही पायरी दिसत नाही. मात्र पायरी अंडं सुटून गेल्यावर दिसते, आधी नाही. आणि ताप, अपुरी झोप किंवा तापमान घेण्याची बदललेली वेळ यांनी ती सहज पुसली जाते.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला हा तक्ता लागू होतो का?

नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध अशी दोन्ही असलेली गोळी रोज एकसारखा डोस देते. एफएसएच दबलेलं राहिल्याने प्रमुख पुटिका पिकत नाही, म्हणून सुळक्याची अटच पूर्ण होत नाही. २१ दिवस औषधाच्या आणि ७ दिवस रिकाम्या गोळ्यांच्या पाकिटात जे रक्त जातं, ते औषध थांबल्यामुळे अस्तराचा आधार निघाल्याचं. तक्ता काढायचा झाला तर २१ दिवस सपाट रेघ, मग सात दिवसांचा खड्डा.